दहा माणसांची अकरा मते: कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

मागच्या सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा परवा हाती आला. येत्या सभेत तो कायम व्हायचा आहे, म्हणून त्याआधीच हे पत्र लिहितो. खुले अशासाठी की मुद्दा एकट्या चिटणिसांचा नाही आणि एकट्या अध्यक्षांचाही नाही. शिवाय सभासदांपैकी कोणी उद्या प्रोसिडिंग बुक उघडले, तर त्यालाही हे कळावे.

मसुद्याच्या पहिल्या पानावर उपस्थिती आहे: अध्यक्षांसह दहा सदस्य, एक सदस्य रजेवर. तिसऱ्या पानावर ठराव क्रमांक ७ आहे, अभ्यासिका रात्री आठऐवजी दहापर्यंत उघडी ठेवावी असा. त्याखाली लिहिले आहे, "चर्चेअंती सदर ठराव ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने मंजूर करण्यात आला."

सहा आणि पाच म्हणजे अकरा. सभेत माणसे दहा.

मी त्या संध्याकाळी निमंत्रित म्हणून मागच्या खुर्चीवर बसलो होतो. मताचा अधिकार नव्हता, त्यामुळे मोजायला मोकळा होतो. अकरावे मत कुठून आले ते मला ठाऊक आहे, तुम्हा सर्वांनाही ठाऊक आहे. पण मसुद्याला ते ठाऊक नाही. पाच वर्षांनी हे पान कोणी वाचेल तेव्हा त्याला दोनच शक्यता दिसतील: एक तर उपस्थितीची नोंद चुकली, किंवा बाहेरच्या कुणीतरी मत दिले. दोन्ही खोट्या, आणि दोन्ही संस्थेला अडचणीत आणणाऱ्या.

आधी सांगून टाकतो, मी स्वतः या ठरावाच्या बाजूचा आहे. अभ्यासिका दहापर्यंत उघडी राहावी असे मला वाटते. निकाल फिरवावा म्हणून हे लिहीत नाही. निकाल कसा लागला तेवढे पानावर यावे, इतकेच मागणे आहे.

त्या संध्याकाळी काय घडले ते क्रमाने सांगतो. ठराव मतास टाकल्यावर बाजूने हात वर करायला सांगितले गेले. चार सदस्यांनी हात वर केले आणि अध्यक्षांनीही केला. चिटणिसांनी पाच मोजले. विरुद्ध बाजूने पाच हात वर आले. तटस्थ कोणी नव्हते. क्षणभर शांतता झाली, मग अध्यक्ष म्हणाले, "समसमान आहे, तर माझे निर्णायक मत ठरावाच्या बाजूने." कोणीतरी टाळी वाजवली, चहा आला, आणि आपण विषय क्रमांक आठवर गेलो. मतांची मोजणी, बरोबरी, निर्णायक मत, निकाल, असे चार वेगळे टप्पे एका मिनिटात उरकले. मसुद्याने त्या चारांचे एक वाक्य केले आणि त्या वाक्यात बरोबरी हरवली.

बरोबरी म्हणजे नेमके काय, याबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. समान मते पडली की ठराव अधांतरी राहतो आणि अध्यक्षांनी तो कुठेतरी टेकवायचा, असा. तसे नाही. साध्या बहुमताचा नियम असेल तर ठराव मंजूर व्हायला बाजूची मते विरोधी मतांपेक्षा जास्त असावी लागतात. पाचाला पाच म्हणजे जास्त नाहीत. म्हणजे बरोबरी झाली त्या क्षणी ठराव पडलेलाच असतो. निर्णायक मत ही त्यानंतरची, वेगळी, नियमाने दिलेली कृती आहे. नियमात ती दिली नसेल तर अध्यक्षांकडे ती नसते. अध्यक्षपदाबरोबर ती आपोआप येत नाही.

आपल्या पोटनियमात ती आहे. "समसमान मते पडल्यास अध्यक्षांना निर्णायक मत देण्याचा अधिकार राहील," एवढे एक वाक्य. दुसऱ्या कलमात प्रत्येक सदस्यास एक मत असे म्हटले आहे, आणि अध्यक्ष हेही सदस्य आहेत. ही दोन वाक्ये एकत्र वाचली तर अध्यक्षांना आधी एक साधे मत आणि बरोबरी झाल्यास दुसरे निर्णायक मत, असा अर्थ निघतो. तो चुकीचा नाही. बऱ्याच संस्थांमध्ये आणि कंपन्यांच्या संचालक मंडळांत तशीच व्यवस्था असते; तिथे नियमाची भाषाच "दुसरे किंवा निर्णायक मत" अशी असते. पण जगात ही एकच व्यवस्था नाही, आणि व्यवस्था बदलली की आपल्याच दहा माणसांच्या त्याच दहा मतांचा निकाल कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे.

आपल्या लोकसभेचे घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे सभापती किंवा अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती पहिल्या फेरीत मत देतच नाही. मते समान झाली तरच निर्णायक मत देते, आणि ते द्यावेच लागते. ही व्यवस्था आपल्या सभेला लावली असती तर अध्यक्षांचा हात सुरुवातीला वर गेलाच नसता. बाजूने चार, विरुद्ध पाच. बरोबरी झालीच नसती, निर्णायक मताचा प्रश्नच आला नसता आणि ठराव एका मताने पडला असता.

ऑस्ट्रेलियाच्या सिनेटमध्ये याच्या उलट आहे. तिथला अध्यक्ष इतर सिनेटरांसारखे आपले एक मत देतो, पण निर्णायक मत त्याला नाही. मते समान झाली की प्रस्ताव नामंजूर, असे त्यांच्या राज्यघटनेच्या कलम २३ मध्येच लिहिले आहे. तीच व्यवस्था आपल्याला लावली तर पाचाला पाच होऊन ठराव पडला असता.

तिसरी व्यवस्था आपली, दोन्ही मतांची. तिच्यात तो मंजूर झाला.

तीनपैकी दोन व्यवस्थांमध्ये हा ठराव पडतो आणि एकीत मंजूर होतो. माणसे तीच आणि त्यांची मतेही तीच. म्हणून ठराव कुठल्या नियमाच्या आधारे मंजूर झाला, ही त्याच्या निकालाइतकीच महत्त्वाची नोंद आहे. "बहुमताने मंजूर" लिहिल्याने ती पुसली जाते. कारण खरे सांगायचे तर सदस्यांच्या मतांत बहुमत कुठल्याच बाजूला नव्हते. अध्यक्षांना बाजूला ठेवले तर ते विरोधकांकडे होते.

आता अध्यक्षांना थोडे. साहेब, तुम्ही नियमात राहून मत दिले, त्यावर माझी तक्रार नाही. पण नियम अधिकार देतो आणि परंपरा तो कसा वापरावा ते सांगते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ही परंपरा बरीच जुनी आहे आणि तिथल्या सभापती डेनिसन यांच्या नावाने ती ओळखली जाते. १८६७ साली त्यांनी ती शब्दांत मांडली. तिचा आशय असा: पुढे चर्चा होण्याची वाट उरली असेल तर सभापतीने चर्चा चालू राहील अशा बाजूने मत द्यावे. चर्चेची वाट संपली असेल तर नसलेले बहुमत आपल्या मताने तयार करू नये. आणि दुरुस्तीवर बरोबरी झाली तर मूळ मसुदा आहे तसा राहू द्यावा.

यात "नेहमी विरुद्ध मत द्या" असे कुठेही म्हटलेले नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कॅनडात १९ मे २००५ रोजी अर्थसंकल्पाशी जोडलेल्या एका विधेयकाच्या दुसऱ्या वाचनावर १५२ विरुद्ध १५२ मते पडली. सरकार राहणार की जाणार हे त्यावर ठरत होते. सभापती पीटर मिलिकन यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिले. त्यांचे म्हणणे हे की दुसऱ्या वाचनानंतर विधेयकावर पुढे चर्चा व्हायची आहे, ती वाट सभापतीने बंद करू नये. म्हणजे "बाजूने" दिलेले मतही आहे ती स्थिती राखणारे असू शकते. उलट, हाउस ऑफ कॉमन्समध्ये ३ एप्रिल २०१९ रोजी ब्रेक्झिटच्या गदारोळात एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० झाले, तेव्हा सभापती जॉन बर्को यांनी दुरुस्तीच्या विरुद्ध मत दिले. सभागृहात जे बहुमत नाही ते सभापतीने निर्माण करायचे नसते, असे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले.

आपल्या ठरावाला ही फूटपट्टी लावली तर? अभ्यासिका आठला बंद होते, ही आहे ती स्थिती. ठराव ती बदलतो. पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा आणता आला असता, त्यामुळे चर्चा संपली नव्हती. डेनिसनच्या परंपरेने चालायचे तर तुमचे मत विरुद्ध पडायला हवे होते, निदान "पुढच्या सभेत पुन्हा आणू" असे तरी म्हणायला हवे होते. पण ही परंपरा निःपक्षपाती सभापतीसाठी आहे. तो पक्षाच्या बाजूने बोलत नाही, पहिले मतही देत नाही. आपले अध्यक्ष चर्चेत भाग घेतात, पहिले मत देतात, निवडूनच एक भूमिका घेऊन आलेले असतात. त्यांनी ती परंपरा पाळलीच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पण जो पाळणार नाही त्याचे नाव आणि मत पानावर उघड दिसले पाहिजे, एवढे मात्र म्हणेन. एकाच माणसाच्या दोन मतांनी चाराचे पाच आणि मग पाचाचे सहा झाले आहेत. ते बहुमताच्या आड लपू नये.

नोंदीत साधारणपणे कोणी कुठे मत दिले ते आपण लिहीत नाही, आकडे लिहितो. ते बरोबर आहे. हात वर करून झालेल्या मतदानात नावे लिहायची असतील तर तशी मागणी व्हावी लागते, किंवा एखाद्याला आपला विरोध नावाने नोंदवून हवा असतो. निर्णायक मत याला अपवाद आहे. ते सदस्य म्हणून दिलेले नसते, खुर्ची म्हणून दिलेले असते. म्हणून ते कोणी दिले आणि कुठल्या बाजूने दिले, हे न मागता लिहायचे. खुर्चीवर त्या वेळी उपाध्यक्ष असतील तर त्यांचे नाव. आपले अध्यक्ष एखाद्या विषयापुरते बाहेर गेले आणि दुसऱ्याने सभा चालवली, तर त्या विषयातील बरोबरीवर मत त्या दुसऱ्याचे असते. परत आलेल्या अध्यक्षांचे नव्हे. आपल्या मसुद्यात खुर्चीवर कोण, हे फक्त पहिल्या पानावर आहे. त्या दिवशी एकच अध्यक्ष होते म्हणून चालले.

चिटणीसबाई, ठराव सातची नोंद मी असतो तर अशी लिहिली असती:

"ठराव क्र. ७. अभ्यासिकेची वेळ रात्री ८ ऐवजी १० पर्यंत करावी. (सूचक आणि अनुमोदक यांची नावे.) ठराव हात वर करून मतास टाकला. बाजूने ५, विरुद्ध ५, तटस्थ ०. मते समसमान झाल्याने अध्यक्षांनी पोटनियमातील तरतुदीनुसार आपले निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिले. ठराव मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले."

यात आकडे पाच आणि पाच असे आहेत. सहा हा आकडा मी कुठेही लिहिलेला नाही, आणि ते मुद्दाम. निर्णायक मत आकड्यात मिसळले की बेरीज उपस्थितीपेक्षा एकाने जास्त होते. तेच आपल्या मसुद्यात झाले. ही एक सोपी चाचणी आहे: बाजूने, विरुद्ध आणि तटस्थ यांची बेरीज त्या क्षणी खोलीत असलेल्या मताधिकारी माणसांपेक्षा कधीही जास्त होऊ नये. कमी झाली तर कोणीतरी मत दिले नाही किंवा मधेच उठून गेले, तेही लिहावे. जास्त झाली तर निर्णायक मत मोजणीत घुसले आहे, असे समजायला हरकत नाही. जुनी प्रोसिडिंग बुके चाळताना मी नेमके असेच शोधतो, आणि सापडते.

पोटनियमाचा उल्लेखही मुद्दाम आहे. निर्णायक मताला आधार लागतो, आणि तो आधार मताशेजारीच असावा. पोटनियमाला कलम क्रमांक असेल तर तो लिहा. नंतर पोटनियम बदलला तरी त्या दिवशी तो काय होता ते या ओळीतून कळते.

"जाहीर केले" या शब्दांवर मी जास्त अडून बसेन. निर्णायक मत जाहीर होईपर्यंतच देता येते. अध्यक्षांनी "ठराव नामंजूर" म्हटले, पुढचा विषय सुरू झाला, आणि दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याकडे निर्णायक मत होते, तर ती वेळ गेलेली असते. सभा संपल्यावर चिटणिसांना फोन करून "माझे मत बाजूने लिहा" म्हणणे तर चालतच नाही. हा प्रकार मी पाहिला आहे. कुठे ते सांगत नाही. तिथल्या चिटणिसांनी ते मत लिहिलेही होते, आणि पुढे त्यावरून जे झाले ते कोणालाच सुखाचे गेले नाही.

आता मसुद्यातली दुसरी चूक. ही मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

ठराव सात मतास टाकण्याआधी एका सदस्याने उपसूचना मांडली होती: वेळ फक्त परीक्षेच्या तीन महिन्यांपुरती वाढवावी, एरवी आठच राहावी. तिच्यावर आधी मत घेतले गेले, आणि ते योग्य क्रमानेच झाले. बाजूने पाच, विरुद्ध पाच. विरुद्धच्या पाचांत अध्यक्ष होते. अध्यक्ष काहीच बोलले नाहीत, फक्त "मूळ ठरावाकडे जाऊ" म्हणाले. मसुदा म्हणतो, "उपसूचनेवर मते समसमान पडल्याने सदर उपसूचना पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात आली."

कोणीही ती स्थगित ठेवली नव्हती. स्थगित ठेवणे हा वेगळा ठराव असतो, तो मांडावा लागतो, त्यावर मत लागते. इथे बरोबरी झाली आणि अध्यक्षांनी निर्णायक मत वापरले नाही. म्हणजे उपसूचना पडली. अध्यक्ष गप्प बसले म्हणून निर्णय झाला नाही, असे होत नाही. गप्प बसण्याचाच तो निकाल आहे. आणि आपल्या पोटनियमात "अधिकार राहील" असे शब्द आहेत, लोकसभेसारखे "द्यावे" असे बंधन नाही. त्यामुळे ते न वापरणे त्यांच्या हाती होते.

ही नोंद तशीच राहिली तर काय होईल ते बघा. मूळ ठरावावर मत घेण्याआधी त्यावरची उपसूचना निकाली निघायला हवी. उपसूचना स्थगित होती असे आपणच लिहिले, तर तिच्याखालचा मूळ ठराव मतास टाकलाच कसा, असा प्रश्न उद्या कोणीही विचारेल. म्हणजे चुकीच्या एका शब्दामुळे आपण नीट झालेल्या मतदानावर स्वतःच शंका ओढवून घेतो. शिवाय उपसूचना पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आपोआप येऊन बसते. ठराव मंजूर होऊन अभ्यासिका दहापर्यंत चालू झालेली, आणि तिला तीन महिन्यांपुरती मर्यादित करणारी उपसूचना अजून जिवंत. कशाला लागू करायची ती?

तिची नोंद इतकीच हवी: "उपसूचना: बाजूने ५, विरुद्ध ५, तटस्थ ०. मते समसमान. अध्यक्षांनी निर्णायक मत वापरले नाही. उपसूचना नामंजूर." शेवटचा शब्द नामंजूर. "निर्णय झाला नाही", "बारगळली", "विचाराधीन" असले काही नको. बरोबरी दिसली की चिटणिसांच्या लेखणीला काहीतरी सौम्य शब्द लिहायचा मोह होतो. मलाही व्हायचा, समोर बसलेले दोन्ही गट ओळखीचे असतात.

एकाच संध्याकाळी दोन बरोबऱ्या झाल्या. एकीत अध्यक्षांनी मत वापरले, दुसरीत नाही. दोन्ही वेळा त्यांना हवा तोच निकाल लागला, कारण उपसूचनेवर बरोबरी म्हणजे ती पडणार आणि त्यांना ती पडायलाच हवी होती. यात काही गैर नाही, निर्णायक मताचा स्वभावच तसा आहे. पण दोन्ही नोंदी नीट असल्या तरच हे वाचणाऱ्याला दिसते. आत्ताच्या मसुद्यात पहिली बरोबरी स्थगितीत बुडाली आणि दुसरी बहुमतात.

तटस्थ मतांबद्दल एक ओळ, कारण त्यावरूनही गोंधळ होतो. समजा विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी एक तटस्थ राहिले असते, तर बाजूने पाच, विरुद्ध चार, तटस्थ एक, आणि ठराव साध्या बहुमताने मंजूर. निर्णायक मताची गरज नाही. तटस्थ मत बरोबरीत मोजले जात नाही. पण नियम "उपस्थितांच्या बहुमताने" असा असता तर दहांमध्ये सहा लागले असते, पाच पुरले नसते, आणि तिथे बरोबरीच नसल्याने निर्णायक मतही कामी आले नसते. पोटनियम बदलायला दोन तृतीयांश मते लागतात, तिथेही तेच: अध्यक्षांचे निर्णायक मत फक्त समसमान मतांवर चालते, कमी पडलेली मते भरून काढायला नाही.

मोजणीबद्दलही. २२ जुलै १९९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मास्ट्रिख्ट कराराशी संबंधित एका दुरुस्तीवर ३१७ विरुद्ध ३१७ जाहीर झाले आणि सभापती बेटी बूथ्रॉइड यांनी परंपरेप्रमाणे विरुद्ध मत दिले. नंतर उघड झाले की मोजणीत चूक होती. विरोधी मते खरे तर एकाने जास्त होती. बरोबरी नव्हतीच, आणि निर्णायक मताची गरजही नव्हती. निकाल तोच राहिला म्हणून निभावले. तिथे कोणत्या बाजूला किती, आणि सभापतींचे मत त्यापासून वेगळे, अशी नोंद होती. दोन्ही एकत्र लिहिले असते तर कुठला आकडा चुकला हे शोधणे अवघड गेले असते. आपल्याकडे दहाच हात असतात, तरी बरोबरी झाली की एकदा पुन्हा मोजावे आणि मगच अध्यक्षांकडे पाहावे. मागच्या सभेत ते झाले नाही. मी मोजले होते म्हणून सांगतो, पाच-पाचच होते.

आता दुरुस्ती कशी करायची ते. येत्या सभेत इतिवृत्त कायम करताना चर्चा नोंदीवर होईल, ठरावावर नाही. अभ्यासिका किती वाजेपर्यंत असावी हा विषय तिथे पुन्हा उघडता येत नाही, आणि कोणी उघडू पाहिला तर अध्यक्षांनी थांबवावे. ठराव फिरवायचा असेल तर तो स्वतंत्र ठराव म्हणून विषयपत्रिकेवर यावा. कायम करणे म्हणजे "झाले ते असेच झाले" एवढेच. म्हणून त्या दिवशी हजर असलेल्यांनी दोन्ही नोंदी पाहाव्यात आणि मोजणी आठवून पाहावी.

मसुदा अजून प्रोसिडिंग बुकात चढला नसेल तर सरळ दुरुस्त करून लिहा. चढला असेल तर पान फाडू नका, चिकटवू नका, पांढरा रंग लावू नका. चुकीच्या शब्दांवर एक रेघ, खालचे वाचता येईल अशी. वर बरोबर शब्द, शेजारी अध्यक्षांची आद्याक्षरे आणि तारीख. आणि येत्या सभेच्या इतिवृत्तात एक ओळ: "मागील सभेच्या इतिवृत्तातील ठराव क्र. ७ व त्यावरील उपसूचना यांच्या मतमोजणीची आणि निकालाची नोंद पुढीलप्रमाणे दुरुस्त करून इतिवृत्त कायम करण्यात आले," आणि त्याखाली दोन्ही नोंदी पूर्ण.

पोटनियमातल्या त्या एका वाक्याचे काय करायचे हा वेगळा विषय आहे आणि तो सर्वसाधारण सभेचा. अध्यक्षांना पहिले मत असावे की नसावे, दोन्ही असावीत की एकच, यावर माझे मत आहे, पण ते त्या सभेत मांडीन. आत्ता फक्त इतकी विनंती की विषयपत्रिकेवर तो विषय घ्या, आणि शब्द असे लिहा की "निर्णायक मत" म्हणजे पहिल्याव्यतिरिक्तचे दुसरे, की पहिल्याऐवजीचे एकमेव, याचा अंदाज कोणाला बांधावा लागू नये.

येत्या सभेलाही निमंत्रित म्हणून येईन. मागच्या खुर्चीवर बसेन, आणि हात मोजेन.

आपला,
संस्थेचा एक जुना चिटणीस